खलाशाच्या नोकरीचा करारनामा : मराठी भाषांतरातील तीन कलमांचा विचार

परदेशी जाणाऱ्या जहाजावर नोकरी धरणाऱ्या माणसाला निघण्यापूर्वी एका करारनाम्यावर सही करावी लागते. हा करारनामा बहुधा इंग्रजीत असतो. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या कित्येक खलाशांना इंग्रजी येते, पण ते कामापुरते. जहाजावरचे हुकूम, दोरखंडांची व यंत्रांची नावे, हवामानाची सूचना एवढे त्यांना चटकन समजते. करारनाम्यातील लांबलचक कलम मात्र वेगळ्या जातीचे असते. त्यातील प्रत्येक शब्द ओळखीचा वाटतो आणि तरीही वाक्याचा अर्थ हाती लागत नाही. अशा माणसासाठी या दस्तऐवजाचे मराठी भाषांतर करावयाचे झाल्यास कोणत्या ठिकाणी भाषांतरकार चुकतो, आणि ती चूक ओळखावी कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. संपूर्ण करारनाम्याचा परामर्श येथे घेतलेला नाही. वेतन, विश्रांती आणि स्वदेशी परत पोहोचविणे ही तीनच कलमे विचारासाठी निवडली आहेत, कारण खलाशाचा पैसा, त्याची झोप आणि त्याची घरी जाण्याची वाट ही या तिन्हींत सामावलेली आहेत.

करार समजणे आणि करारावर सही करणे या दोन गोष्टी समुद्रावरच्या नोकरीत फार काळ एकमेकींपासून दूर राहिल्या. आगबोटींच्या काळात हिंदी खलाशांच्या टोळ्या सारंगाच्या मार्फत भरती होत. गोऱ्या अधिकाऱ्यांशी बोलणारा तोच, पगाराच्या अटी सांगणाराही तोच. त्याच्या हाताखालचा टंडेल, सुकाणी किंवा भंडारी अंगठा उठवी, आणि कागदात काय लिहिले आहे हे त्याला सारंगाच्या तोंडून जेवढे कळेल तेवढेच कळे. ही उणीव ध्यानात घेऊन १९२६ साली जिनीव्हा येथे खलाशांच्या करारनाम्याविषयी एक आंतरराष्ट्रीय संकेत संमत झाला व भारताने त्याला १९३२ साली मान्यता दिली. खलाशाला करार समजला आहे याची खातरजमा करण्याची तरतूद प्रत्येक देशाच्या कायद्यात असावी, असे त्यात म्हटले होते. पुढे २००६ च्या सागरी श्रमसंकेतात हे सारे विषय एकत्र आले. तो २०१३ साली अमलात आला व भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. सही करण्यापूर्वी करारनामा तपासून पाहण्याची व त्यावर कोणाचा सल्ला घेण्याची संधी खलाशाला मिळाली पाहिजे, असे या संकेताचे सांगणे आहे. मराठी भाषांतराचे खरे स्थान याच ठिकाणी आहे. ते मूळ कराराची जागा घेत नाही. वाद उत्पन्न झाल्यास सही झालेली प्रतच प्रमाण धरली जाईल. भाषांतर हे सहीपूर्वीच्या समजुतीचे साधन होय, आणि ही गोष्ट त्याच्या शिरोभागी स्पष्ट शब्दांत लिहिली पाहिजे.

साधन म्हटले की त्याची कसोटीही ठरते. भाषांतर सरस आहे की नीरस, प्रवाही आहे की बोजड, हा येथे दुय्यम प्रश्न आहे. मराठी प्रत वाचून खलाशाने आपल्या वेतनाचा, विश्रांतीचा व प्रवासखर्चाचा हिशेब मांडला, तर मूळ प्रतीवरून येणारे उत्तरच त्याला मिळते काय, हा मुख्य प्रश्न होय. ही कसोटी एका उदाहरणाने लावून पाहू. दापोली तालुक्यातील एक माणूस मुंबईस करार करून ‘एबल सीमन’ या हुद्द्यावर नऊ महिन्यांसाठी एका मालवाहू जहाजावर जातो, असे समजू. हुद्द्याचे नाव येथे मुद्दाम इंग्रजीच ठेवले आहे. ‘सक्षम खलाशी’ असे त्याचे मराठीकरण शक्य आहे, पण हेच नाव त्याच्या प्रमाणपत्रावर व जहाजाच्या नोंदवहीत येते, आणि त्या कागदांशी ते जुळले पाहिजे. दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावयाचा शब्द जसाच्या तसा ठेवावा आणि ज्या शब्दावरून हिशेब करावयाचा तो मराठीत, व्याख्येसह द्यावा, हा नियम पुढेही उपयोगी पडेल.

१. वेतन

बोलण्यात आपण ‘पगार’ हा एकच शब्द वापरतो. महिन्याच्या अखेरीस हातात पडते ते सारे पगार. करारनाम्यात मात्र निदान दोन निरनिराळ्या संज्ञा असतात. पहिली संज्ञा नेमलेल्या साधारण कामाच्या तासांबद्दल मिळणाऱ्या रकमेची. तिच्यात जादा कामाचा मोबदला, भत्ते किंवा रजेचे पैसे येत नाहीत. तिला ‘मूळ वेतन’ म्हणावे. दुसरी संज्ञा मूळ वेतनात इतर काही देणी मिळवून होणाऱ्या रकमेची. तिला ‘एकत्रित वेतन’ म्हणावे. या दुसऱ्या संज्ञेस ‘एकूण वेतन’ हा प्रतिशब्द पुष्कळदा दिला जातो आणि तेथेच घोटाळा सुरू होतो. ‘एकूण’ म्हणजे सर्व मिळून, त्यापलीकडे काही उरले नाही, असा मराठी वाचकाचा समज होतो. ‘एकत्रित’ म्हणजे काही गोष्टी एकत्र केलेल्या. कोणत्या केल्या व कोणत्या राहिल्या, हा प्रश्न तेथे मोकळा राहतो. करारातही तो मोकळाच असतो, कारण एकत्रीकरण पूर्ण असू शकते तसे अंशतःही असू शकते.

आता आपल्या खलाशाचा हिशेब पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी त्याचे मूळ वेतन दरमहा ८३२ डॉलर धरू. आठवड्याला ४८ तासांप्रमाणे वर्षाचे २,४९६ तास होतात. त्यांना बाराने भागले असता महिन्याचे २०८ तास येतात. म्हणून साधारण कामाचा दर तासाला ४ डॉलर झाला. जादा कामाचा दर मूळ दराच्या निदान सव्वापट असावा असे संकेताच्या मार्गदर्शक भागात सुचविले आहे; त्याप्रमाणे तो ५ डॉलर धरू. करारात लिहिले आहे की एकत्रित वेतनात दरमहा १०३ तासांचे जादा काम अंतर्भूत आहे. त्याचे ५१५ डॉलर झाले. रजा महिन्याला अडीच दिवस. तिचे वेतन ८३२ ला तिसाने भागून अडीचने गुणल्यास ६९ डॉलर ३३ सेंट येते. तिन्हींची बेरीज १,४१६ डॉलर ३३ सेंट, आणि हेच त्याचे एकत्रित वेतन.

भाषांतरकाराने या कलमाचे ‘एकूण वेतनात जादा कामाचा मोबदला समाविष्ट आहे’ असे मराठी केले तर वाक्य निर्दोष दिसेल आणि खलाशाचे नुकसान होईल. एखाद्या महिन्यात त्याने १२० तास जादा काम केले तर मूळ करारानुसार १०३ च्या वरचे १७ तास वेगळे मोजावयाचे आहेत, त्यांचे ८५ डॉलर त्याला मिळावयाचे आहेत. मराठी प्रत वाचून मात्र तो म्हणेल की सारे पगारात आलेच, आणि ते मागणार नाही. नऊ महिने असेच चालले तर ७६५ डॉलरांवर त्याने पाणी सोडले असे होईल. ‘यात दरमहा १०३ तासांपर्यंतचे जादा काम धरले आहे, त्याहून अधिक तासांचा मोबदला वेगळा द्यावा लागेल’ असे लिहिले की उत्तर बरोबर येते. मात्र मूळ करारात तासांवर मर्यादा नसून सर्व जादा काम धरलेले असेल, तर ‘कितीही तास झाले तरी’ हे शब्द तितक्याच स्पष्टपणे मराठीत आले पाहिजेत. खलाशाच्या बाजूने मूळ कलम मऊ करणे हाही भाषांतरातील दोषच आहे; त्यामुळे तो जे मिळणार नाही त्यावर विसंबून सही करतो.

२. विश्रांती

विश्रांतीचे कलम लहान असते, पण भाषांतराच्या दृष्टीने तेच सर्वांत कठीण. संकेतात दोन पद्धती सांगितल्या आहेत. एकीत कामाच्या तासांना वरची मर्यादा असते, दुसरीत विश्रांतीच्या तासांना खालची. आपल्या उदाहरणात दुसरी धरू. तिच्याप्रमाणे कोणत्याही २४ तासांच्या कालावधीत निदान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांच्या कालावधीत निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हे दहा तास फार तर दोन भागांत विभागता येतात. त्यांपैकी एक भाग निदान सहा तासांचा असावा, आणि लागोपाठच्या दोन विश्रांतींमध्ये १४ तासांहून अधिक अंतर पडू नये.

येथील ‘कोणत्याही’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. मराठीत तो जड वाटतो म्हणून भाषांतरकार ‘दररोज निदान १० तास विश्रांती’ असे सुटसुटीत वाक्य लिहितो. क्वचित एखाद्या संस्कृतप्रिय लेखणीतून ‘अहोरात्रात’ असा शब्द उतरतो. दोहोंचा परिणाम एकच. दिवस मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो किंवा सूर्योदयाला सुरू होऊन सूर्योदयाला संपतो, आणि अशा ठरीव चौकटीत तास मोजले की झाले, असे वाचकास वाटते. वस्तुतः ही चौकट ठरीव नाही. ती कोणत्याही क्षणापासून सुरू करून पुढचे २४ तास मोजावेत, आणि प्रत्येक वेळी दहा तास भरले पाहिजेत, असा कलमाचा आशय आहे.

फरक किती पडतो ते पाहू. जहाज बंदरात येण्याच्या बेतात आहे. सोमवारी आपला खलाशी मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत झोपतो, ६ ते ८ काम करतो, ८ ते दुपारी १२ विश्रांती घेतो. बारा वाजता जहाज धक्क्याला लावण्याची तयारी सुरू होते आणि तो कामावर येतो. लगेच मालाची चढउतार सुरू झाल्याने मंगळवारी सकाळी ८ पर्यंत तो कामावरच राहतो. मग ८ ते दुपारी २ विश्रांती, २ ते ६ काम, आणि सायंकाळी ६ ते मध्यरात्र विश्रांती. आता ‘दररोज’ या शब्दाप्रमाणे मोजा. सोमवारी ६ आणि ४ मिळून १० तास भरले. मंगळवारी ६ आणि ६ मिळून १२ तास झाले. दोन्ही दिवशी विश्रांतीचे भाग दोनच, आणि एक भाग सहा तासांचा आहेच. तासांच्या या मोजणीत कुठेही उणे दिसत नाही. पण सोमवार दुपारी १२ पासून मंगळवार दुपारी १२ पर्यंतचे २४ तास घेतले तर विश्रांती फक्त सकाळी ८ ते १२ एवढी, म्हणजे ४ तास निघते. हा माणूस सलग २० तास उभा होता. मूळ कलम याला भंग म्हणते. ‘दररोज’ म्हणणारे भाषांतर मात्र दहा तासांच्या अटीपुरते यास निर्दोष ठरविते. म्हणून वाक्य थोडे लांबले तरी चालेल, पण ‘कोणत्याही क्षणापासून मोजलेल्या २४ तासांत’ असेच लिहावे, आणि खाली एक लहानसे उदाहरण जोडावे.

दुसरी अडचण ‘विश्रांती’ या शब्दाचीच आहे. चहासाठी दहा मिनिटे थांबणे हीही आपल्या बोलण्यात विश्रांतीच. संकेत मात्र असे अल्प विराम विश्रांतीच्या तासांत धरीत नाही. म्हणून मोजावयाच्या वेळेस ‘विश्रांतिकाल’ ही संज्ञा राखून ठेवावी, आणि कामाच्या मधल्या थांबण्याला ‘विराम’ म्हणावे. संपूर्ण दस्तऐवजात या दोन शब्दांची अदलाबदल होता कामा नये. ललित लेखनात एकच शब्द पुनःपुन्हा आला तर तो दोष मानतात. करारनाम्यात शब्द बदलला की वस्तूही बदलली असा अर्थ निघतो.

याच कलमात एक अपवाद असतो. जहाज, त्यावरील माणसे किंवा माल यांच्या तात्काळ सुरक्षिततेसाठी, अथवा समुद्रावर संकटात सापडलेल्यांच्या मदतीसाठी, कप्तान कितीही वेळ काम घेऊ शकतो. ‘तात्काळ’ हे विशेषण गळून ‘सुरक्षिततेच्या कारणास्तव’ एवढेच मराठीत उरले तर अपवादाचाच नियम होईल, कारण जहाजावरचे बहुतेक प्रत्येक काम कोणत्या ना कोणत्या अर्थी सुरक्षिततेचे असते. ‘त्या क्षणी उभ्या राहिलेल्या धोक्यामुळे आवश्यक झाल्यास’ असे लिहिल्याने मर्यादा कायम राहते. अपवादाचा उत्तरार्धही गाळू नये : परिस्थिती पूर्ववत झाल्यावर, शक्य होताच, ज्याची विश्रांती मोडली त्याला पुरेसा विश्रांतिकाल देणे कप्तानावर बंधनकारक आहे.

३. स्वदेशी परत पोहोचविणे

या कलमाच्या नावालाच मराठीत सोईचा शब्द नाही. ‘प्रत्यावर्तन’ हा शब्द कोशातला. खलाशाला त्याचा बोध होणार नाही. ‘परत पाठवणी’ म्हटले तर अपराध करून हाकलून दिल्याचा भास होतो. नुसती ‘पाठवणी’ म्हटले तर सासरी जाणारी मुलगी डोळ्यांपुढे येते. शिवाय ‘पाठविणे’ या क्रियेत माणूस निघाला की कर्तव्य संपते. संकेतातील कल्पना तशी नाही. खलाशी जहाज सोडतो तेव्हापासून ठरलेल्या ठिकाणी येऊन पोहोचेपर्यंत मालकाची जबाबदारी चालू राहते : प्रवासाचे भाडे, वाटेतील राहणे व जेवण, तीस किलो सामान, आणि आजारी असल्यास प्रवासायोग्य होईपर्यंतचा औषधोपचार. म्हणून ‘स्वखर्चाने परत पोहोचविणे’ ही शब्दयोजना अधिक यथार्थ वाटते, मात्र ‘स्वखर्चाने’ म्हणजे ‘जहाजमालकाच्या खर्चाने’ हे तेथेच उलगडून सांगितले पाहिजे. नाहीतर खलाशी तो खर्च आपलाच समजेल. अशी शंका येण्याजोगा शब्द टाळून सरळ ‘जहाजमालकाने आपल्या खर्चाने परत पोहोचविणे’ असे म्हणणे सर्वांत बरे.

पोहोचवावयाचे कोठे? येथे भाषांतरकाराचे मन दोन बाजूंना ओढले जाते. ‘घरी’ हा शब्द सहज सुचतो. पण आपल्या खलाशाचे घर दापोली तालुक्यात, आणि करार झाला मुंबईत. करारात ‘जेथे नोकरी स्वीकारली ते ठिकाण’ असे असेल तर मालकाची जबाबदारी मुंबईस संपते. पुढच्या एसटीचे भाडे त्यात येत नाही. ‘घरी’ म्हटल्याने मूळ करारात नसलेले वचन दिले जाते. उलट ‘स्वदेशी’ एवढेच म्हटले तर वचन कमी होते. त्याला रॉटरडॅमहून विमानाने चेन्नईस आणून सोडले तरी स्वदेश आलाच. मुंबईपर्यंतचा खर्च कोणाचा, हा प्रश्न उरतो. ठिकाण ठरविण्याचे अनेक पर्याय संकेतात सुचविले आहेत : करार झाला ते ठिकाण, सामूहिक करारात नेमलेले ठिकाण, राहण्याचा देश, किंवा दोघांच्या संमतीने ठरलेले ठिकाण. यांपैकी प्रस्तुत करारनाम्यात कोणता पर्याय आहे तो पाहावा, आणि मराठीत ‘घर’ किंवा ‘देश’ असा भावनेचा शब्द न घालता त्या ठिकाणाचेच नाव लिहावे.

हा खर्च खलाशाच्या वेतनातून कापता येत नाही, आणि नोकरी देताना त्यापोटी आगाऊ रक्कमही मागता येत नाही. अपवाद एकच, गंभीर कसुरीचा. त्याचे भाषांतर ‘खलाशाने गंभीर कसूर केल्यास खर्च त्याच्याकडून वसूल केला जाईल’ असे पुष्कळदा केले जाते. मूळ वाक्यात कसूर केल्याचे नव्हे, तर देशाच्या कायद्यानुसार किंवा सामूहिक करारानुसार तो कसूरवार ठरल्याचे म्हटलेले असते. ‘केल्यास’ आणि ‘ठरल्यास’ या दोन शब्दांतील अंतर मोठे आहे. ‘केल्यास’ म्हटले की ठरविणारा कोण हे कोणी सांगत नाही, आणि व्यवहारात मालकच ठरवितो. ‘कायद्यानुसार कसूरवार ठरल्यास’ म्हटले की मध्ये एक निवाडा उभा राहतो, व खलाशाला आपली बाजू मांडण्यास जागा मिळते.

४. क्रियापदांचे वजन

तिन्ही कलमांना लागू पडणारी एक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. बंधन दाखविण्यास मराठीत अनेक रूपे आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. ‘मालक खर्च देईल’ हे भविष्यकथनही असू शकते. ‘मालकाने खर्च द्यावा’ यात उपदेशाचा सूर आहे. ‘खर्च दिला जाईल’ यात तर देणाराच नाहीसा होतो, आणि वाद झाल्यावर जहाजमालक, त्याचा प्रतिनिधी व भरती करणारी कचेरी एकमेकांकडे बोट दाखवितात. ‘खर्च देणे जहाजमालकावर बंधनकारक राहील’ हे वाक्य कानाला रुक्ष लागते, पण त्यात कर्ता आहे आणि कर्तव्यही आहे. मुभा असेल तेथे ‘देऊ शकेल’, बंधन असेल तेथे ‘बंधनकारक राहील’, अशी दोनच रूपे ठरवून सर्व दस्तऐवजात पाळणे हिताचे. कलमांचे क्रमांक मूळ प्रतीप्रमाणेच ठेवावेत, म्हणजे बोटाने दोन्ही प्रती ताडता येतात.

भाषांतर पुरे झाल्यावर ते मूळ प्रत न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावे, शक्य तर जहाजावर काम केलेल्याच्या, आणि त्याला तीन प्रश्न विचारावेत. महिन्यात १२० तास जादा काम झाले तर किती पैसे मिळतील? वर दिलेल्या सोमवार-मंगळवारच्या वेळापत्रकात नियम मोडला की नाही? रॉटरडॅमला करार संपल्यास मालकाच्या खर्चाने कोठपर्यंत येता येईल? त्याची उत्तरे ‘वेगळे ८५ डॉलर’, ‘मोडला’ आणि ‘मुंबईपर्यंत’ अशी आली तर भाषांतर वापरण्यास योग्य समजावे. एखादे उत्तर चुकले तर त्याने नीट वाचले नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्या कलमाकडे परत जावे आणि कोणता शब्द त्याला चुकीच्या वाटेने घेऊन गेला ते शोधावे. तो शब्द बहुधा अवघड नसतो. ‘एकूण’, ‘दररोज’ किंवा ‘घरी’ यांसारखा रोजच्या वापरातला, कोणालाही शंका न यावी असा असतो.